ओव्हरहेड प्रेसमध्ये कंबरेला कमान का पडते आणि बरगड्या जागेवर कशा ठेवायच्या

जिममध्ये कोणी उभ्याने रॉड डोक्यावर ढकलत असेल ना, तर समोरून बघू नका, बाजूला जाऊन बघा. समोरून सगळं छान दिसतं, दोन्ही हात सरळ, रॉड लेव्हलमध्ये. बाजूने बघितलं की कळतं की पोट पुढे आलंय, खालच्या बरगड्या टी-शर्टमधून वर उचलल्यात आणि कंबरेत चांगली खोल कमान पडलीये. म्हणजे माणूस प्रेस मारतोय खरा, पण अर्धा इन्क्लाइन बेंचवर आडवा झाल्यासारखा, फक्त खाली बेंच नाहीये, बेंचच्या जागी त्याची कंबर आहे.

यावर जिममध्ये एकच सल्ला मिळतो, "पोट टाइट ठेव". सल्ला चुकीचा नाही पण अर्धवट आहे, कारण पोट ढिलं आहे म्हणून कमान पडली असं दरवेळी नसतं. बऱ्याचदा हात वर जायला जागाच नसते, ती जागा कंबर करून देते. त्यामुळे आधी आपली कमान नक्की कशामुळे पडते ते शोधायचं आणि मग त्यावर काम करायचं, नाहीतर सहा महिने प्लँक मारत बसाल आणि प्रेस जिथल्या तिथे.

हात वर जातो म्हणजे काय काय हलतं

हात खाली लोंबकळत असताना तिथून कानाशेजारी सरळ वर न्यायचा म्हणजे साधारण १८० अंश फिरवायचा. यातले ढोबळमानाने १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश खवाट्याकडून, म्हणजे पाठीवरचं ते त्रिकोणी हाड, ते बाहेरच्या बाजूने वर फिरतं. आणि अगदी शेवटचा तुकडा पाठीचा वरचा भाग थोडा सरळ होऊन देतो. दिवसभर लॅपटॉपपुढे पोक काढून बसलेल्या माणसाचा हाच शेवटचा तुकडा पहिल्यांदा हरवतो.

आता समजा खांदा, खवाटा आणि वरची पाठ मिळून १६५ अंशच देतायत. रॉड तर डोक्यावर सरळ पाहिजे. मग उरलेले १५ कुठून आणायचे? छातीचा पिंजराच मागे कलवायचा, खालच्या बरगड्या पुढे उघडायच्या आणि कंबर वाकवायची. हात खांद्याच्या हिशोबाने तेवढाच वर गेला, पण धड मागे कललं म्हणून रॉड आभाळाकडे गेला. घरात माळ्यावरचा डबा काढताना आपण सगळे हेच करतो आणि डब्याला काही होत नाही, पण ४० किलो घेऊन पाच-पाच रेप्स मारताना तीच गोष्ट कंबरेला जाणवते.

यात लॅट्सचा मोठा हात असतो. लॅट्स म्हणजे पाठीचे ते रुंद स्नायू, ते ओटीपोटाच्या हाडाच्या मागच्या कडेपासून, कंबरेच्या मणक्यांपासून आणि खालच्या तीन-चार बरगड्यांपासून निघतात आणि थेट दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतात. हात वर नेला की ही दोरी ताणली जाते. दोरी आखूड असेल तर एकतर हात अडतो, नाहीतर दोरीचं खालचं टोक ओढलं जातं, आणि खालचं टोक म्हणजे तुमची कंबर. पुल-अप्स, लॅट पुलडाउन भरपूर मारणाऱ्या पण कधीही हात पूर्ण वर न नेणाऱ्या लोकांत हे फार दिसतं.

दुसरं कारण हालचालीचं नाही, ताकदीचं आहे. मागे कललं की छातीचा वरचा भाग मदतीला येतो आणि वजन सोपं होतं, एवढं साधं. शरीराला तुमच्या टेक्निकचं काही पडलेलं नाही, त्याला रॉड वर न्यायचाय. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये १९७२ पर्यंत स्नॅच आणि क्लीन अँड जर्कसोबत प्रेस हा तिसरा प्रकारही होता, आणि शेवटी शेवटी लिफ्टर्स इतके मागे कलायला लागले की किती कललेलं चालेल हे पंचांना ठरवता येईना, म्हणून म्युनिकनंतर तो प्रकारच काढून टाकला. म्हणजे ही चूक काही फक्त नवशिक्यांची नाही, जगातल्या सगळ्यात ताकदवान लोकांनी ती मुद्दाम केलीये. फरक एवढाच की त्यांच्या कंबरा त्यासाठी वर्षानुवर्षं तयार केलेल्या होत्या, आपली ऑफिसच्या खुर्चीतून उठून आलेली असते.

आणि एक आपल्याकडचं कारण. शाळेच्या पीटीत "छाती पुढे" ऐकत आपण मोठे झालो, सूर्यनमस्काराच्या दुसऱ्या स्थितीत हात वर नेले की मागे वाकायचं हे अंगात भिनलंय. सूर्यनमस्कारात ते बरोबरच आहे, तिथे हातात वजन नसतं. पण हात वर आणि कंबर मागे ही जोडी इतकी पक्की झालेली असते की रिकामा रॉड दिला तरी माणूस आपोआप मागे कलतो.

आधी वीत लावा

बरगड्या जागेवर आहेत की नाही हे आरशात कळत नाही, हाताने कळतं. उभे राहा. डाव्या हाताची वीत करा, अंगठा कंबरेच्या पुढच्या हाडाच्या टोकावर टेकवा, खिशाच्या वर जे टोचतं ते हाड, आणि मधलं बोट त्याच बाजूच्या सगळ्यात खालच्या बरगडीच्या कडेवर. आता उजवा हात पुढून सावकाश वर न्या. एका ठिकाणी बोटाखालची बरगडी वर सरकायला लागेल आणि वीत ताणली जाईल. तो क्षण लक्षात ठेवा, हात किती वर असताना झालं ते. हात नाकाच्या उंचीला असतानाच बरगडी सुटली तर काम बरंच आहे, कानाच्या जवळ जाऊन सुटली तर थोडंच. मग हात बदलून दुसऱ्या बाजूने करा, दोन्ही खांदे क्वचितच सारखे असतात.

बरगड्या जागेवर म्हणजे काय, तर ही वीत हात खाली असताना जेवढी होती जवळपास तेवढीच हात वर असताना राहणं. छातीचा पिंजरा हा एक डबा आणि कमरेखालचा भाग दुसरा डबा, आणि वरच्या डब्याचं तोंड पुढे उघडलेलं नको, तो खालच्यावर सरळ बसलेला पाहिजे. कंबरेचा नैसर्गिक बाक राहणारच, तो भिंतीसारखा सपाट करायचा नाहीये हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लोक तिथेच घोळ घालतात.

तुमची कमान कधी पडते

मला विचाराल तर अख्ख्या लेखात हा भाग सगळ्यात कामाचा आहे. फोन बाजूला कंबरेच्या उंचीवर ठेवा, बेंचवर पाण्याच्या बाटलीला टेकवून, सात-आठ फूट लांब. टी-शर्ट खोचा नाहीतर काही दिसणार नाही. मग तीन व्हिडिओ काढा. पहिला हातात फक्त वायपरचा दांडा घेऊन पाच रेप्स, दुसरा नेहमीच्या वजनाच्या निम्म्यावर पाच, तिसरा नेहमीच्या वर्किंग सेटचा.

दांड्यालाच कमान पडत असेल तर हात वर जायला जागा कमी आहे किंवा सवयच तशी आहे. दांड्याला ठीक पण निम्म्या वजनाला पहिल्या रेपपासूनच कमान, तर बहुतेक रॉड पकडण्यात किंवा रॉडच्या रस्त्यात गडबड आहे. आणि निम्म्यालाही ठीक, फक्त वर्किंग सेटच्या शेवटच्या दोन रेप्सना कंबर जाते, तर वजन जास्त आहे, बस. या तिसऱ्या लोकांना मोबिलिटीचे व्हिडिओ बघून काहीही फायदा नाही, त्यांनी अडीच-पाच किलो उतरवायचे किंवा दोन रेप्स आधी थांबायचं. गंमत म्हणजे हेच लोक सगळ्यात जास्त स्ट्रेचिंग करताना दिसतात.

पहिल्या प्रकारात जागा कमी आहे की फक्त सवय, ते जमिनीवर कळतं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पाय टेकवा, कंबर जमिनीला हलकी दाबा आणि दांडा खांद्यापेक्षा थोडा रुंद पकडून, कोपर सरळ ठेवून डोक्यामागे न्या. कंबर न उचलता हात जमिनीला टेकले तर जागा आहे, सवय मोडायची आहे. हात चार बोटं वर अडकले किंवा ते टेकवायला बरगड्या उचलाव्या लागल्या तर जागा खरंच कमी आहे. आता तोच दांडा उलटा पकडून बघा, तळवे चेहऱ्याकडे. या पकडीत दंड बाहेर फिरतो आणि लॅट्सना जास्त ताण येतो. सरळ पकडीपेक्षा इथे हात बरेच आधी अडले तर लॅट्स आणि काखेमागचे स्नायू आखूड असण्याची शक्यता जास्त, दोन्हीत सारखेच अडले तर वरची पाठ किंवा खांद्याचा सांधा. अचूक निदान नाही हे, पण सुरुवात कुठून करायची तेवढं कळतं.

जागा कमी असेल तर

लॅट्ससाठी पलंग किंवा बेंच पुरतो. समोर गुडघ्यांवर बसा, दोन्ही कोपरं पलंगाच्या काठावर, हातात दांडा उलट्या पकडीत, म्हणजे तळवे तुमच्याकडे. आता ढुंगण मागे टाचांकडे न्या आणि छाती कोपरांच्या मधून खाली जाऊ द्या. इथेच लोक कंबर पाडतात आणि स्ट्रेच कंबरेत जातो, काखेत येतच नाही. म्हणून आधी तोंडाने लांब श्वास सोडा, बरगड्या आत जाऊ द्या, आणि मग मागे बसा. ताण काखेखाली आणि बाजूच्या बरगड्यांवर जाणवला पाहिजे. पाच-सहा सावकाश श्वास, दोन वेळा.

वरच्या पाठीसाठी जाडसर चादर घट्ट गुंडाळून तिची लोळी करा, खवाट्यांच्या खालच्या टोकाशी आडवी ठेवा आणि गुडघे वाकवून तिच्यावर झोपा. डोक्याला हातांचा आधार. श्वास सोडत त्या लोळीवरून मागे जायचं, पण बरगड्या पोटाकडे धरून, म्हणजे वाकणं लोळीच्या वरच होईल, कंबरेत नाही. इंचभरच हालचाल होते, तेवढीच अपेक्षित आहे. आठ-दहा वेळा केलं की लोळी दोन बोटं वर सरकवायची आणि पुन्हा.

हे प्रेसच्या आधी पाच मिनिटं पुरे. पण नुसतं मोकळं करून सोडलं तर संध्याकाळपर्यंत सगळं पहिल्यासारखं होतं, त्या नव्या जागेत लगेच थोडं वजन ढकलायला लागतं. त्याला मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे एका गुडघ्यावर बसून एका हाताने डंबेल प्रेस. उजव्या हातात डंबेल, उजवा गुडघा जमिनीवर, डावा पाय पुढे. उजवं ढुंगण आवळून धरायचं, इतकं की उजव्या मांडीच्या पुढे वरच्या बाजूला थोडं ताणल्यासारखं वाटेल. यात ओटीपोट पुढे सांडायला वावच राहत नाही, आणि मोकळ्या डाव्या हाताने वीत लावून बरगडी सुटतेय का ते प्रत्येक रेपला तपासता येतं. सुटली की तिथेच थांबायचं, हात पूर्ण वर नाही गेला तरी चालेल. आठ-आठचे तीन सेट, आणि वजन लाज वाटेल इतकं हलकं.

एवढंही जमत नसेल तर रॉडचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात टेकवा, दुसरं टोक एका हाताने खांद्यापासून पुढे-वर ढकला. हात तिरका जातो, पूर्ण वर जावंच लागत नाही, त्यामुळे खांद्याला मिळालेल्या जागेतच काम होतं. कोपऱ्यात जुना टॉवेल घाला, भिंतीचा रंग गेला की जिमवाला ओरडतो.

रॉडसोबत, पहिल्यापासून

रॉड रॅकवर काखेच्या थोडा खाली लावा. जास्त वर लावला तर काढतानाच चवड्यांवर उभं राहून कमान पडते आणि ती सेटभर तशीच राहते.

पकड खांद्यांच्या जरा बाहेर. रॉड बोटांत न ठेवता तळव्याच्या खालच्या भागावर, मनगटाच्या रेषेत. समोरून बघितलं तर हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग उभा सरळ दिसला पाहिजे आणि बाजूने बघितलं तर कोपर रॉडच्या किंचित पुढे. हे कोपर फार महत्त्वाचं आहे. कोपर रॉडच्या मागे राहिलं की पहिलाच धक्का रॉडला पुढे ढकलतो, रॉड पुढे गेला की तोल सांभाळायला धड मागे जातं, आणि कमान पडली. निम्म्या वजनाला पहिल्या रेपपासून कमान पडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं आणि ते कंबर धरून बसतात.

पाय कमरेएवढे लांब, वजन पावलाच्या मध्यावर. मऊ गादीसारखे रनिंग शूज असतील तर काढून टाका किंवा सपाट तळाचे घाला. गुडघे सरळ, मागे ताणलेले नाहीत. ढुंगण आवळा, साधारण कोणी मागून ढकललं तर हलणार नाही इतपत, पूर्ण जोर लावून ओटीपोट पुढे फेकायचं नाही.

आता श्वास, सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. "मोठा श्वास घे" म्हटलं की माणूस छाती वर उचलतो, बरगड्या उघडतात, आणि तसाच पोट आवळून धरतो. म्हणजे उघडा डबा घट्ट बंद केल्यासारखं, आता सेटभर तो उघडाच राहणार. त्याऐवजी आधी सोडा. आरशावर वाफ धरल्यासारखा तोंडाने हाऽऽ करत पूर्ण श्वास सोडा, खालच्या बरगड्या आत आणि खाली उतरताना जाणवतील. त्या तिथेच धरून मग नाकाने श्वास घ्या, पण पुढे नाही, बाजूंना आणि मागे, पट्टा बांधतो तिथे सगळीकडे. मग पोटात कोणीतरी बोट खुपसणार आहे असं समजून पोट कडक करा. पहिले काही दिवस असं वाटतं की श्वास अर्धाच मिळाला, ते ठीक आहे. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी जोर लावून श्वास रोखायचा नाही, हलकं वजन घेऊन वर जाताना हळूहळू श्वास सोडत राहायचा.

रॉड सुटला की रस्त्यात हनुवटी येते. इथे दोन पर्याय असतात, रॉडने हनुवटीला वळसा घालायचा किंवा हनुवटीने बाजूला व्हायचं. हनुवटीने व्हायचं, डबल चिन काढल्यासारखी सरळ मागे. छाती मागे कलवून हनुवटी मागे न्यायची नाही, फक्त मान. रॉड नाकासमोरून अगदी जवळून गेला पाहिजे, नाकाला लागेल अशी भीती वाटत असेल तर रस्ता बरोबर आहे. कपाळ ओलांडलं की डोकं परत जागेवर. "खिडकीतून डोकं बाहेर काढ" असं जे सांगतात त्यात लोक डोक्यासोबत छाती आणि पोटही खिडकीबाहेर काढतात, म्हणून मी म्हणतो की डोकं जागेवर आणा, तेवढंच.

वर गेल्यावर रॉड, कान, खांदा, कंबर आणि पावलाचा मध्य एका रेषेत. आणि खांदे कानांकडे वर ढकला. हे ऐकून काही ट्रेनर चिडतील कारण "खांदे खाली दाबून ठेव" हे त्यांचं पाठ असतं, रोइंगमध्ये ते चालतं, पण इथे खांदे खाली दाबले की खवाटा वर फिरू शकत नाही, ते ६० अंश गेले, आणि गेलेले अंश कोण भरणार तर परत कंबरच. रॉडने छताला टेकवायचंय असं समजून शेवटचा इंच खांद्यांनी वर न्या, व्हिडिओत बघा, तेवढ्यानेच कमान कमी झालेली दिसते कित्येकदा.

खाली आणताना त्याच रस्त्याने, सावकाश. रॉड छातीवर टेकला की श्वास सोडा, बरगड्या पुन्हा उतरवा, नवीन श्वास, मग पुढचा रेप. वर हात असताना श्वास बदलायला गेलात की बरगड्या हमखास सुटतात. यामुळे सेट जरा लांबतो, लांबू द्या.

एका मित्राचं उदाहरण

आमच्या जिममधला एक जण, वय ३३, दिवसभर लॅपटॉप. ४२.५ किलोने पाच रेप्स मारायचा आणि दुसऱ्या दिवशी कंबर आखडलेली. पायात कळ वगैरे काही नाही, सकाळी बूट घालताना कुरकुर, एवढंच. त्याने स्वतःचं निदान करून टाकलं होतं की कोअर वीक आहे आणि दोन महिने रोज तीन मिनिटं प्लँक धरत होता. प्लँक मस्त झाला, प्रेस तसाच.

तीन व्हिडिओ काढले. दांड्याला थोडी कमान, निम्म्या वजनाला पहिल्याच रेपपासून बरीच, आणि ४२.५ ला तिसऱ्या रेपपासून सरळ इन्क्लाइन. जमिनीवर हात साधारण चार बोटं वर अडकले, उलट्या पकडीत त्याहून वर. म्हणजे लॅट्स. पण निम्म्या वजनाचा व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला तेव्हा दिसलं की कोपरं रॉडच्या चांगली मागे होती आणि रॉड कपाळापासून वीतभर पुढून जात होता. म्हणजे दोन कारणं एकत्र, आणि मला वाटतं त्यातलं दुसरंच मोठं होतं.

पहिले दोन आठवडे रॉड बंद. आठवड्यातून दोनदा पलंगाचा स्ट्रेच, मग एका गुडघ्यावर १० किलोच्या डंबेलने आठ-आठचे तीन सेट. तो वैतागला होता, दहा किलोने काय होतंय म्हणून, पण पहिल्या दिवशी वीत लावल्यावर बरगडी चौथ्या रेपलाच सुटली तेव्हा गप्प बसला. तिसऱ्या आठवड्यात रॉड ३० किलोवर, म्हणजे २० चा रॉड आणि दोन्हीकडे पाच-पाच. पाचचे तीन सेट, कोपरं पुढे, प्रत्येक रेपला श्वास नवीन. ते स्वच्छ गेलं की पुढच्या आठवड्यात ३२.५. अडीच किलो म्हणजे काही नाही असं वाटतं पण ३० वर ते आठ टक्के होतात, बेंच किंवा स्क्वॉटसारखं धडाधड वाढवता येत नाही. ३५ ला तो दोन आठवडे अडकला कारण शेवटच्या सेटचे शेवटचे दोन रेप्स परत कलायला लागले होते, मग अर्धा-अर्धा किलोच्या छोट्या प्लेट्स मागवल्या आणि एक-एक किलोने चढवलं.

तीन महिन्यांनी ४० ने पाच रेप्स, व्हिडिओत कंबर जवळजवळ हलत नाही. सकाळची कुरकुर त्याआधीच गेली होती, साधारण चौथ्या आठवड्यात. जमिनीवर हात आता दोन बोटं वर राहतात, पूर्ण टेकत नाहीत अजून. ४२.५ ला मात्र चौथ्या रेपला अजूनही जातो, म्हणून तिथे तीनवर थांबतो.

उलट्या बाजूची चूक

बरगड्या धरायला शिकलेली माणसं पुढे एक नवीन घोळ करतात, त्या इतक्या खाली दाबतात की वरची पाठच पोक काढते. पोटाला क्रंच मारल्यासारख्या घड्या पडतात, हनुवटी पुढे येते आणि हात वर गेले की खांद्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसतो. वरची पाठ सरळ झाली नाही तर हाताचा तो शेवटचा तुकडा मिळणारच नाही, त्यामुळे पिंजरा वरून थोडा उघडू द्यायचा आणि खालून धरून ठेवायचा. व्हिडिओत गळपट्टीच्या हाडापाशी छाती उघडलेली दिसली तर उत्तम, पट्ट्याच्या वर बरगड्या उघडलेल्या दिसल्या तर नको. आणि चिमटा बसत असेल तर दाबणं निम्म्यावर आणा.

बसून मारलं की सुटका होते असंही नाही. बेंचच्या पाठीला टेकून माणूस ढुंगण पुढे सरकवतो आणि खांदे मागे टेकवतो, मध्ये कंबर अधांतरी, म्हणजे उभ्यापेक्षा वाईट. बसायचंच असेल तर ढुंगण पाठीला चिकटवून, पाठ एक खाच मागे, पाय जमिनीवर सपाट. लिफ्टिंग बेल्टचंही तसंच आहे, बेल्ट पोटाला दाबायला काहीतरी देतो आणि जड सेटला उपयोगी आहे, पण बरगड्या उघड्या ठेवून बांधला तर तो ती कमानच बांधून ठेवतो. आधी श्वास सोडून बरगड्या उतरवा, मग बेल्ट आवळा.

सेटनंतर कंबर थकल्यासारखी वाटणं वेगळं आणि दुखणं वेगळं. मागे वाकलं की कंबरेत एका बाजूला नेमकी एकाच जागी कळ येत असेल, विशेषतः वय विशीच्या आत असेल किंवा सोबत फास्ट बॉलिंग चालू असेल, तर मणक्याच्या मागच्या भागात स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, तिथे टेक्निक सुधारत बसू नका, प्रेस बंद करून ऑर्थोपेडिककडे जा. पायात मुंग्या, बधिरपणा, खाली उतरणारी कळ असेल तरी तसंच.

आणि काही जणांचा हात कितीही केलं तरी पूर्ण वर जाणार नाही, खांद्याची हाडं सगळ्यांची सारखी घडलेली नसतात किंवा जुनी दुखापत असते. तीन-चार महिने नीट करूनही जमिनीवर हात चार बोटं वरच अडत असतील आणि व्हिडिओत फरक दिसत नसेल, तर रॉड कोपऱ्यात टेकवून तिरका ढकलणं हाच तुमचा मुख्य शोल्डर प्रेस ठेवा आणि त्यात वजन वाढवत जा. टॉवेल मात्र विसरू नका.